टणक ॲव्होकॅडो घरी पिकवण्याच्या नोंदी : नाशिक, जुलै २०२५

५ जुलै, शनिवार

येत्या शनिवारी, १२ तारखेला संध्याकाळी नणंदेचे कुटुंब जेवायला येणार आहे आणि त्या दिवशी ॲव्होकॅडोची कोशिंबीर करायची आहे. त्यासाठी एकाच वेळी नीट पिकलेली आठ फळे हवीत. गेल्या वर्षी मी ऐनवेळी सहा फळे आणली होती. त्यांतली तीन दगडासारखी होती आणि दोन आतून काळी निघाली. म्हणून या वेळी आठवडाभर आधी संपूर्ण पेटी आणून, रोज नोंद ठेवून, कोणते फळ कधी आणि कशावरून पिकले असे समजावे हे लिहून ठेवायचे ठरवले आहे.

शरणपूर रोडवरच्या फळवाल्याकडून आज पेटी घेतली. पेटीवर टांझानिया हे देशाचे नाव, हास ही जात आणि १८ हा आकडा छापलेला आहे. चार किलोच्या पेटीत अठरा फळे, असा त्या आकड्याचा अर्थ. घरच्या काट्यावर फळे २१२ ते २३३ ग्रॅमच्या दरम्यान भरली. सगळी हिरवी आणि खडबडीत सालीची आहेत. तळहातात धरून दाबली तर कच्च्या बटाट्याइतकी टणक लागतात. फळवाल्याने स्वतःहूनच सांगितले, “ताई, आजच कापायची असतील तर ही नेऊ नका, चार-पाच दिवस तरी लागतील.” मला तशीच हवी होती. दुकानात आधीच मऊ झालेल्या फळाला दिवसभरात किती जणांनी अंगठा लावला असेल ते सालीवरून कळत नाही. टणक फळ मात्र जवळजवळ अस्पर्श असते.

आमच्या घरात द्राक्षाची भाषा सगळ्यांना येते, कारण सासरची बाग दिंडोरीकडे आहे. द्राक्षाचा घड वेलीवरून काढला की त्याची गोडी तिथेच थांबते. म्हणून काढणीपूर्वी साखर मोजून बघतात आणि भरली नसेल तर थांबतात. ॲव्होकॅडोचे नेमके उलटे आहे. ते झाडावर पूर्ण वाढते, गरात तेल भरते, पण झाडावर असेपर्यंत मऊ होत नाही. तोडल्यानंतरच ते इथिलीन नावाचा वायू सोडू लागते आणि त्या वायूच्याच प्रभावाने स्वतः पिकते. एका फळाचा वायू शेजारच्या फळालाही लागतो. आंबा आणि केळे याच जातीचे, त्यामुळे आंब्याची अढी घालणाऱ्या कोणालाही हे नवीन वाटणार नाही.

अठरा फळांचे चार भाग केले आणि प्रत्येकाच्या देठाजवळ कागदाची छोटी चिठ्ठी चिकटवली. ‘अ’ गटातली सहा फळे वेताच्या टोपलीत, ओट्यापासून दूर, खिडकीच्या आतल्या बाजूला उघडी ठेवली. ‘ब’ गटातली सहा फळे खाकी कागदी पिशवीत, सालीवर तपकिरी ठिपके पडलेल्या दोन पिकलेल्या केळ्यांसह ठेवून पिशवीचे तोंड दोनदा दुमडले. ‘क’ गटातली चार फळे आईंच्या सांगण्यावरून तांदळाच्या डब्यात पुरली. “अगं, आंब्याला अढी लागते तशी यालाही लागेल, तांदळाची ऊब पुरते,” असे त्या म्हणाल्या. उरलेली दोन, ‘ड’ गटातली, टणक असतानाच फ्रिजमध्ये ठेवली.

केळी पिकलेलीच का घेतली, हेही लिहून ठेवते. कच्चे हिरवे केळे फारसा वायू सोडत नाही; पिकणारे केळे भरपूर सोडते. आणि पिशवी कागदाचीच हवी. प्लास्टिकच्या बंद पिशवीत वायू तर साठतो, पण फळाने सोडलेली वाफही आतच साचते, फळाला श्वासासाठी लागणारा प्राणवायू कमी पडतो आणि देठाच्या जागी बुरशी धरते. या पावसाळी हवेत तर ते अधिक लवकर होईल. कागद वायूला बराच वेळ धरून ठेवतो आणि वाफेला वाट देतो.

स्वयंपाकघरातल्या थर्मामीटरवर टोपलीजवळ २५ अंश, गॅसजवळ २९ अंश आणि फ्रिजच्या माथ्यावर ३१ अंश तापमान आहे. लवकर पिकावे म्हणून पुष्कळ घरी फळ फ्रिजच्या माथ्यावर ठेवतात. तीस अंशांच्या वर ॲव्होकॅडोची पिकण्याची क्रिया बिघडते, गर एकसारखा मऊ होत नाही आणि कूज लवकर लागते, म्हणून ती जागा मी टाळली. अठरा ते चोवीस-पंचवीस अंश हा त्याला मानवणारा टप्पा आहे. नाशिकची जुलैतली हवा त्याच्या अगदी वरच्या काठावर आहे. वैशाखात हेच काम उघड्या टोपलीत करणे मला पटणार नाही.

६ जुलै, रविवार

बदल नाही. आज दिवसभर फक्त तपासण्याची पद्धत ठरवली, कारण आठवडाभर रोज वेगवेगळ्या पद्धतीने दाबले तर नोंदींची तुलनाच होणार नाही.

रंग सकाळी आठ वाजता खिडकीतल्या उजेडात बघायचा. काल रात्री पिवळ्या दिव्याखाली मला तीन फळे जांभळट वाटली होती, तीच आज सकाळी स्वच्छ हिरवी दिसली. पाच टप्पे धरले आहेत: पूर्ण हिरवे, हिरव्यावर जांभळे ठिपके, अर्धे हिरवे अर्धे जांभळे, जवळजवळ सगळे जांभळे, आणि काळपट जांभळे.

दाब बोटांच्या टोकांनी द्यायचा नाही. फळ तळहाताच्या खोलगट भागात ठेवायचे आणि चारही बोटे सरळ ठेवून एकाच वेळी हळू मिटायची, म्हणजे दाब पसरतो आणि एका जागी खड्डा पडत नाही. यानंतर, तळहाताला काही जाणवले तरच, देठाकडच्या निमुळत्या भागावर अंगठ्याचा सपाट भाग ठेवून अगदी थोडा भार द्यायचा. हा भाग निवडण्याचे कारण असे की फळाच्या पोटात मोठी बी असते आणि तिच्यावर गराचा थर त्या मानाने पातळ असतो. तिथे दाबले तर बोटाला गराऐवजी बीचा कडकपणा लागू शकतो. मानेकडे बी पोहोचत नाही, तिथे हाताखाली नुसता गर असतो.

दाबाचे चार टप्पे घरातल्या ओळखीच्या वस्तूंवरून ठरवले. पहिला, कच्चा बटाटा. दुसरा, टेनिसचा नवा चेंडू: दाब जाणवतो, पण हात काढताच जागा परत पूर्वीसारखी होते. तिसरा, पाडाला आलेल्या हापूसचा देठाजवळचा भाग: साल अखंड राहते, पण आतला गर दबून मागे सरकल्यासारखा वाटतो. चौथा, दाब काढल्यावरही खळी तशीच राहते आणि साल गरापासून सुटल्यासारखी लागते. कापायचे ते तिसऱ्या टप्प्यावर.

७ जुलै, सोमवार

पिशवीतल्या सहापैकी चार फळांवर जांभळे ठिपके आले. टोपलीतली फळे हिरवी आहेत, फक्त अ३ अर्धे जांभळे झाले आहे. दाबाला मात्र दोन्ही गट सारखेच, कच्च्या बटाट्यासारखे आहेत. रंग हाताच्या आधी सरकतो, हे पहिले निरीक्षण.

हास जातीत रंग का बदलतो तेही समजून घेण्यासारखे आहे. पिकताना सालीतले हरितद्रव्य कमी होत जाते आणि जांभळे रंगद्रव्य वाढत जाते. ही क्रिया सालीत घडते. गर मऊ होण्याची क्रिया गरातल्या पेशींच्या भिंती सैल होण्याने घडते. दोन्ही पिकण्याच्याच ओघात येतात, पण एकमेकींना बांधलेल्या नाहीत. हंगामाच्या सुरुवातीला तोडलेले फळ मऊ झाले तरी हिरवट राहू शकते, आणि झाडावर फार दिवस राहिलेले फळ तोडणीच्या वेळीच गडद झालेले असू शकते.

संध्याकाळी पंचवटीतल्या बाजारात चार मोठी, गुळगुळीत सालीची हिरवी फळे मिळाली. विक्रेत्याने त्यांना बटर फ्रूट म्हटले आणि माल कूर्गचा असल्याचे सांगितले. प्रत्येकी ३४० ते ४१० ग्रॅम भरली. यांना ‘ह’ गट म्हटले आहे आणि टोपलीशेजारी दुसऱ्या परातीत उघडी ठेवली आहेत. यांपैकी ह४ च्या मानेवर बारीक सुरकुत्या आहेत, ते आजच लिहून ठेवते.

८ जुलै, मंगळवार

आज एक फळ वाया गेले. अ३ सकाळी काळपट जांभळे, म्हणजे रंगाच्या शेवटच्या टप्प्यावर होते. मी अंघोळीला गेले असताना मुलीने ते पिकले असे समजून कापले. दाबाला ते पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्याच्या मध्ये होते, तिने दाबून बघितलेच नव्हते. सुरी बीभोवती फिरवून दोन्ही अर्धे उलट दिशेने पिळले तरी सुटेनात. जोर लावल्यावर बी एका अर्ध्यात घट्ट राहिली आणि तिला गर चिकटून आला. साल सोलली जाईना. गर फिका पिवळा, रबरासारखा, चवीला गवतासारखा आणि मागून किंचित कडवट लागला.

मुलीला वाईट वाटले. मी तिला समजावले की चूक तिची नाही, पेटीतली बाकी सगळी फळे हिरवी असताना एकच काळे दिसले तर ते पिकले असेच कोणालाही वाटेल. एकाच झाडावरची फुलेसुद्धा काही आठवडे मागेपुढे धरतात, त्यामुळे एका पेटीतली फळे दिसायला सारखी असली तरी वयाने सारखी नसतात. अ३ बहुधा थोरले होते.

कापलेले अर्धे लिंबाचा रस लावून पुन्हा एकमेकांवर बसवले, कपड्यात घट्ट गुंडाळले आणि टोपलीत ठेवले. शेजारच्या काकू म्हणाल्या की मायक्रोवेव्हमध्ये एक मिनिट ठेवले तर पिकते. एक फोड करून बघितली. ती मऊ झाली, पण पिकली नाही: उष्णतेने गर शिजून ढिला पडतो, तेलकट, लोण्यासारखी चव येत नाही, उलट कडवटपणा वाढतो. याच काकूंनी बाजारात मिळणाऱ्या ‘पिकवायच्या पुडी’चाही विषय काढला. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे, कारण त्यातून निघणाऱ्या ॲसिटिलीनबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश येऊ शकतात. व्यापारी पिकवण कोठ्यांत इथिलीन वायू वापरायला परवानगी आहे, तीही दहा लाख भागांत शंभर भागांच्या मर्यादेत. घरी दोन केळ्यांत तेच काम होत असताना पुडीची गरज नाही, असे मी त्यांना सांगितले.

पिशवीत ब२ आणि ब४, जी केळ्यांना टेकून होती, ती दुसऱ्या टप्प्यावर आली आहेत. मानेवर अंगठा टेकवला तर चेंडूसारखे लागते. पिशवी रोज एकदाच उघडते. उघडल्यावर साठलेला वायू जातो हे खरे, पण फळ एकदा पिकायला लागले की ते स्वतःच वायू तयार करत राहते, त्यामुळे दिवसातून एकदा उघडल्याने अडत नाही.

९ जुलै, बुधवार

पिशवीतला चौथा दिवस. ब१, ब२, ब४ आणि ब५ ही चार फळे तिसऱ्या टप्प्यावर आली आहेत. रंगाने तिघे काळपट जांभळे आहेत आणि ब५ अजून जवळजवळ जांभळे, पोटाकडे हिरवा पट्टा असलेले आहे. ब३ काळपट आहे, पण मानेला अजून चेंडूसारखेच. ब६ मात्र सगळ्यात चमत्कारिक: अर्धे हिरवे, तरी तळहातात दाबताच मऊ.

ब६ कापून बघणे भाग होते, नाहीतर या गटाच्या दाबावर विश्वास ठेवता आला नसता. सुरी बीभोवती सहज फिरली, दोन्ही अर्धे हलक्या पिळ्याने सुटले, बी चमच्याच्या एका टोल्याने निघाली आणि गर सालीजवळ फिकट हिरवा, बीजवळ लोण्यासारखा पिवळा, कुठेही डाग नसलेला निघाला. म्हणजे एकाच पेटीत अ३ काळे असून कच्चे होते आणि ब६ अर्धे हिरवे असून पिकलेले. दोन्ही वेळा हाताने दिलेले उत्तर बरोबर होते. यापुढे रंगाचा उपयोग मी एवढाच करणार आहे: ठिपके दिसू लागले की त्या फळाला रोज हातात घ्यायचे. त्याआधी हात लावायचे कारणच नाही.

चारही पिकलेली फळे केळ्यांपासून वेगळी करून फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली. पिकलेल्या फळाला फ्रिज चालतो; थंडीत पुढची क्रिया मंदावते आणि दोन-तीन दिवस ते त्याच टप्प्यावर टिकते. शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत, म्हणजे हिशेब जुळतो.

१० जुलै, गुरुवार

आज गुरुपौर्णिमा, त्यामुळे नोंद दुपारी करत आहे. ब३ तिसऱ्या टप्प्यावर आले, फ्रिजमध्ये गेले. टोपलीतली अ१ आणि अ४ सुद्धा पिकली, म्हणजे उघड्यावर पाच दिवस लागले आणि पिशवीने सुमारे एक दिवस वाचवला. फार मोठा फरक नाही. ही फळे समुद्रमार्गे कित्येक दिवस थंड कंटेनरमध्ये राहून आलेली असतात, त्यामुळे ती मुळातच पिकायला टेकलेली असतात. ताज्या तोडणीच्या फळांत पिशवीचा फायदा याहून जास्त दिसेल. पिशवीचा मला दिसलेला दुसरा गुण अधिक कामाचा आहे. पिशवीतली सहाही फळे दोन दिवसांच्या आत पिकली, तर टोपलीतली एकेक करून येत आहेत. पाहुण्यांसाठी एकदम आठ फळे हवी असतील तर पिशवी, आणि घरी रोज एक खायचे असेल तर टोपली.

आईंच्या डब्यातली फळे आज काढली. त्यांनी आणि मी मिळूनच तांदूळ बाजूला केला. क३ आणि क४ उत्तम तिसऱ्या टप्प्यावर होती. क१ आणि क२ मात्र चौथ्या टप्प्यावर गेली होती. क२ च्या देठाच्या खळग्यात पांढरी बुरशी आणि कापल्यावर देठापासून खाली उतरलेला तपकिरी पट्टा दिसला. देठाकडून लागणारी ही कूज वरून नेहमी दिसतेच असे नाही. तांदळाने वायू नीट धरला, म्हणजे आईंचे म्हणणे चूक नव्हते, पण पुरलेले फळ दिसत नाही आणि हातातही येत नाही. आंब्याच्या अढीत सुगंध बाहेर येतो आणि कोणते फळ तयार झाले ते नाकाला कळते. ॲव्होकॅडोला तसा सुगंध नाही. हे मी बोलून दाखवल्यावर आई क्षणभर थांबून म्हणाल्या, “खरं आहे, वास नसेल तर अढी उघडायची वेळ कशी कळणार?” क३ आणि क४ आम्ही दोघींनी दुपारी मीठ-मिरपूड लावून खाल्ली.

क२ च्या निमित्ताने आणखी एक गोष्ट. देठाचे टोपण उचकटून खालचा रंग बघावा, हिरवा असला तर चांगले, तपकिरी असला तर वाईट, असे पुष्कळ जण सांगतात. टोपण निघाल्यावर तिथे उघडी जखम राहते आणि बुरशीला आत जायला वाट मिळते. शिवाय टोपण आधीच गळून पडलेले असेल तर ती जागा फळ चांगले असूनही सुकून तपकिरी होते. मी ही चाचणी करणार नाही आणि दुकानातही टोपण नसलेले फळ घेणार नाही.

अ३ चे बांधून ठेवलेले अर्धे उघडले. कापलेल्या कडा तपकिरी, गर थोडा नरम पण लवचिक, चव तीच. कच्चे कापलेले फळ पुन्हा पिकवायच्या खटपटीत अर्थ नाही.

११ जुलै, शुक्रवार

अ५ हे फळ मी पहिल्या दिवसापासून वेगळ्या कामासाठी राखले होते. घरातल्या प्रत्येकाने येता-जाता त्यालाच अंगठ्याने दाबायचे, अशी मोकळीक दिली होती, म्हणजे बाकीच्या फळांना कोणी हात लावणार नाही. आज ते तिसऱ्या टप्प्यावर आले. बाहेरून ते अ४ सारखेच दिसते; साल जाड आणि खडबडीत असल्यामुळे एकही खूण नाही.

कापल्यावर आतली बाजू बघून सगळे गप्प झाले. सालीच्या लगेच खाली पाच ठिकाणी नाण्याएवढे तपकिरी-करडे डाग होते, आणि दोन ठिकाणी गरात बारीक चिरही होती. दाब पडलेल्या जागी पेशी फुटतात, त्यातला रस हवेच्या संपर्कात येतो आणि कापलेल्या वांग्यासारखा गर काळवंडतो. पण हे व्हायला वेळ लागतो, म्हणून दाबणाऱ्याला आपण काय केले ते त्या वेळी कळत नाही. पहिल्या दोन दिवसांत, फळ बटाट्यासारखे असताना, दाबल्याने फारसे बिघडले नसावे. पाचपैकी बहुतेक डाग फळ मऊ होऊ लागल्यानंतरच्या दिवसांचे आहेत, कारण मंगळवारनंतर कोणी कुठे दाबले ते मुलीने चिठ्ठीवर लिहून ठेवले होते. फळ जितके तयार, तितका हात हलका हवा. गेल्या वर्षीची माझी दोन काळी फळे कुजलेली नव्हती, दाबलेली होती, हे मला आज कळले.

अ२ आज तिसऱ्या टप्प्यावर आले. उद्या संध्याकाळसाठी फ्रिजमधली सात (ब१ ते ब५, अ१, अ४) आणि हे एक, अशी आठ झाली.

‘ह’ गटात रंगाचा काहीच आधार नाही. चारही फळे अजून हिरवी आहेत. फक्त सालीची चकाकी कमी झाली आहे. या जातींची साल पिकल्यावरही हिरवीच राहते, त्यामुळे ती काळी होण्याची वाट बघणारा माणूस ती कुजेपर्यंत वाट बघत बसेल. ह१ आणि ह३ मानेला तिसऱ्या टप्प्यावर आहेत. कानाजवळ धरून हलवले तर ह१ मध्ये बी वाजते, ह३ मध्ये वाजत नाही. दोन्ही कापली, दोन्ही पिकलेली निघाली. बी वाजली तर ती सुटली आहे एवढे कळते. न वाजली म्हणून फळ कच्चे ठरत नाही. या फळांची साल पातळ असल्यामुळे अंगठ्याची खूण हासपेक्षा लवकर उमटते, यांना तळहातानेच बघावे. गर हासपेक्षा पाणीदार आणि कमी तेलकट आहे, मिल्कशेकला चांगला.

१२ जुलै, शनिवार

सायंकाळी साडेसहाला आठही फळे कापली. फ्रिजमधली फळे तासभर आधी बाहेर काढली होती, कारण थंड फळ हाताला आहे त्याहून घट्ट लागते आणि दाबाचा अंदाज चुकतो. ब१, ब२, ब४, अ१, अ२ आणि अ४ निर्दोष निघाली. ब५, ज्याला हिरवा पट्टा होता, तेही पूर्ण पिकलेले होते. ब३ मध्ये एका बाजूला करडा डाग होता, तेवढा भाग चमच्याने काढून टाकला. हे फळ पिशवीत सगळ्यात खाली होते आणि बाकीच्यांचा भार त्याच्यावर होता. पुढच्या वेळी पिशवी आडवी ठेवून फळे एका थरात मांडायची.

आठ फळांतून एक किलो दोनशे ग्रॅमच्या आसपास गर मिळाला. कांदा, टोमॅटो, हिरवी मिरची, कोथिंबीर आणि लिंबू घालून कोशिंबीर केली. नणंदेच्या सासूबाईंनी दोनदा मागून घेतली आणि हे फळ कवळी असणाऱ्यांसाठीच केलेले दिसते, असे म्हणाल्या.

‘ड’ गटातली दोन्ही फळे आठवडाभर फ्रिजमध्ये राहून पहिल्या दिवसाइतकीच टणक आणि हिरवी आहेत. आज बाहेर काढून टोपलीत ठेवली. अ६ अजून दुसऱ्या टप्प्यावर आहे.

१७ जुलै, गुरुवार

अ६ रविवारी पिकले आणि घरीच संपले. ड१ आणि ड२ आज, बाहेर काढल्यापासून पाचव्या दिवशी, तिसऱ्या टप्प्यावर आली. ड१ चांगले निघाले. ड२ मध्ये गरातून देठापासून खाली जाणाऱ्या बारीक तपकिरी शिरा दिसल्या आणि बीजवळचा गर करडा होता. टणक फळाला फार थंडी फार दिवस मिळाली तर असेच होते. हे फळ आमच्याकडे येण्यापूर्वीही कितीतरी दिवस थंडीत होते आणि त्यावर मी आणखी सात दिवस घातले. टणक फळ एक-दोन दिवस थोपवायचे असेल तर फ्रिज ठीक, आठवडाभर नको.

ह२ सोमवारी पिकले. ह४ आज दहाव्या दिवशीही मानेला रबरासारखे आहे आणि सुरकुत्या पोटापर्यंत आल्या आहेत. कापल्यावर गर पांढुरका, पाणीदार आणि चिवट, बीवरचे आवरण जाड आणि पांढरे निघाले. हे फळ तेल भरण्याआधीच तोडलेले होते. कोवळ्या फळाला केळी, तांदूळ, ऊब, काहीही दिले तरी ते पिकत नाही, नुसते आवळून सुकते. आईंना दाखवल्यावर त्यांनी ते हातात फिरवून, “कोवळी कैरी अढीत घातली की अशीच होते,” असे म्हणून खताच्या बादलीत टाकले. पहिल्याच दिवशी मानेवर सुरकुत्या दिसलेले फळ पुढच्या वेळी मी बाजारातच बाजूला ठेवीन.